किल्ली बरोबर, तरी कुलूप उघडेना: गंज, माती आणि वंगणाची गोष्ट

बरोबर किल्ली लावूनही कुलूप उघडत नाही म्हटल्यावर हात आपोआप जास्त जोर लावतो, आणि बहुतेक किल्ल्या तुटतात त्या याच वेळी. म्हणून बाकीचं बोलण्याआधी एक मर्यादा आखून घेऊ. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जेवढा जोर येतो तेवढाच किल्लीवर लावायचा. पक्कड नको, किल्लीच्या डोक्यातल्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिरगाळणंही नको. किल्ली वरून चांदीसारखी चकचकीत दिसली तरी पुष्कळदा तो निकेलचा मुलामा असतो आणि आत पितळ असतं. जिथे सगळ्यात खोल खाच कापलेली असते तिथे तर तिची पट्टी जेमतेम निम्मी उरलेली असते. जास्त जोर लागला की ती तिथेच पिळली जाते, आणि मग कुलूप बंद ते बंद, वर आत तुटका तुकडा.

आता मूळ मुद्दा. लटकवायच्या कुलपात दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. पहिली किल्ली ओळखते. दुसरी दांडी धरून ठेवते. दांडी म्हणजे कोयंड्यात अडकवायचा तो वाकवलेला लोखंडी गज. या दोन्ही यंत्रणा स्वतंत्रपणे अडकतात आणि बाहेरून दोन्हींचं दुखणं सारखंच दिसतं. कुलूप उघडत नाही म्हटल्यावर माणूस तेलाची बाटली घेतो आणि किल्लीच्या भोकात ओततो. अडलेली दुसरी यंत्रणा असेल तर त्या तेलाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. पहिली अडली असेल तर चुकीच्या तेलाने ती आणखी अडते. त्यामुळे आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं आणि मगच काहीतरी आत सोडायचं.

आत काय असतं

सध्या सगळ्यात जास्त दिसणारं कुलूप पिनांचं असतं. या रचनेला आजचं रूप १८६० च्या दशकात अमेरिकेत लायनस येल (धाकटा) याने दिलं, आणि तिचा गाभा अजून तोच आहे. किल्ली जाते तो भाग म्हणजे एक गोल सिलिंडर. तो कुलपाच्या अंगातल्या गोल पोकळीत बसलेला असतो आणि किल्लीबरोबर फिरायला हवा. पण त्याच्या आडव्या बाजूने चार, पाच किंवा सहा छोट्या भोकांतून पिना आत घुसलेल्या असतात. प्रत्येक भोकात एकामागे एक अशा दोन पिना आणि त्यांच्यामागे एक बारीक स्प्रिंग. पुढची पिन किल्लीला टेकते, मागची पिन सिलिंडर आणि अंग यांच्या सांध्यात आडवी येऊन सिलिंडर अडवून ठेवते. बरोबर किल्ली आत गेली की प्रत्येक खाच आपापल्या पिनेला मोजून मागे ढकलते आणि दोन पिनांमधली फट बरोबर सांध्याच्या रेषेवर येते. सगळ्या पिनांच्या फटी एका रेषेत आल्या की सिलिंडर मोकळा. एक जरी पिन मागेपुढे राहिली तरी तो हलत नाही.

हे सगळं किती बारीक असतं ते पाहा. सिलिंडर आणि अंग यांच्यातली मोकळी जागा केसाच्या जाडीच्या आसपास असते. किल्लीच्या एका खाचेची खोली आणि तिच्या पुढच्या क्रमांकाच्या खाचेची खोली यांत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. म्हणजे पिनेच्या भोकात वाळूचा एक बारीक कण अडकला, तर किल्ली शंभर टक्के बरोबर असूनही कुलपाच्या दृष्टीने ती चुकीची ठरते. स्प्रिंग गंजून किंवा जुन्या तेलाच्या चिकट्याने आखडली, तर पिन एकदा मागे गेली की मागेच राहते, परत पुढे येत नाही. अशा वेळी पुढची पिनच सांध्यावर आडवी पडते आणि सिलिंडर अडतो.

दुसरी यंत्रणा त्यामानाने धसमुसळी. दांडीच्या पायांना आतल्या बाजूने खाचा असतात. त्या खाचेत स्प्रिंगवर चालणारी एखादी पट्टी किंवा दोन्ही बाजूंना पोलादी गोळ्या बसतात आणि दांडी धरून ठेवतात. सिलिंडर फिरला की त्याच्या टोकाची जीभ ती पट्टी बाजूला खेचते, किंवा गोळ्यांना आत सरकायला जागा करून देते. दांडी सुटते आणि तिच्या लांब पायाखालची स्प्रिंग तिला वर उडवते.

कुठे अडलंय हे कसं कळतं

पहिलं लक्षण: किल्ली पूर्ण आत जात नाही. इथे शंका घ्यायला जागा नाही, भोकात काहीतरी आहे. खिशातला कापसासारखा चुरा, माती, गंजाची भुकटी, आधीच्या कुणीतरी मोडलेली काडी. बाहेर राहणाऱ्या कुलपात आणखी एक गुन्हेगार असतो, तो म्हणजे चिखलाचं घर बांधणारी कुंभारीण माशी. किल्लीचं भोक तिला तयार खोलीसारखं वाटतं आणि ती ते चिखलाने लिंपून टाकते. असा सुकलेला चिखल किल्लीने आत ढकलला की तो थेट पिनांच्या भोकांत जातो. तो आधी कोरडाच, बारीक तारेने बाहेरच्या बाजूला ओढून काढायचा.

दुसरं लक्षण: किल्ली आत जाते, पण तसूभरही फिरत नाही. पिना रेषेवर येत नाहीत. इथे किल्ली घालताना हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. चांगल्या कुलपात किल्ली आत जाताना बारीक टकटक लागते, एकेक पिन किल्लीच्या चढउतारावरून घसरते त्याची. किल्ली लोण्यात गेल्यासारखी सरळ आत गेली आणि काहीच टकटक लागली नाही, तर पिना मागेच अडकून बसल्या आहेत, म्हणजे स्प्रिंगा काम करत नाहीत. उलट प्रत्येक टप्प्याला किल्ली ढकलावी लागत असेल तर पिना पुढे आखडलेल्या आहेत.

तिसरं लक्षण लोकांच्या हमखास नजरेतून सुटतं. किल्ली थोडीशी फिरते, घड्याळाच्या काट्याच्या दोन-तीन मिनिटांएवढी, आणि मग कशाला तरी टेकून थांबते. पिना चुकीच्या असत्या तर सिलिंडर एवढाही फिरला नसता. म्हणजे पहिली यंत्रणा उत्तीर्ण झाली आहे. किल्ली बरोबर, पिना बरोबर, अडलंय ते पुढे, दांडी धरणाऱ्या पट्टीपाशी. या कुलपाच्या किल्लीच्या भोकात तुम्ही दिवसभर स्प्रे मारत बसलात तरी उपयोग थोडाच.

चौथं: किल्ली पूर्ण फिरते पण दांडी वर येत नाही. दांडीचे पाय त्यांच्या भोकांत गंजून बसले आहेत. अशा वेळी घाबरून किल्ली अर्धवट फिरलेली असतानाच ओढू नका. सिलिंडर मूळ जागी परत आणल्याशिवाय किल्ली निघतच नाही, कारण पिना तिला धरून असतात. बऱ्याच कुलपांत तर दांडी बंद झाल्याशिवाय किल्ली निघूच नये अशीच रचना असते.

तिसऱ्या लक्षणाचं एक कारण असं आहे की ज्यात ना गंजाचा दोष असतो ना मातीचा. फाटक खाली बसतं, दार फुगतं, साखळी ताणली जाते आणि दांडीवर सतत ओढ राहते. त्या ओढीने दांडीची खाच आतल्या पट्टीवर दाबून बसते आणि ती पट्टी सरकवायची ताकद छोट्याशा किल्लीत नसते. उपाय फुकटचा आहे. एका हाताने दार किंवा साखळी सैल करा, दांडी कुलपाच्या अंगात आणखी आत दाबा, आणि दाबलेली असतानाच किल्ली फिरवा. तेलाची बाटली शोधायच्या आधी हे करून पाहा. जाम झालेली म्हणून कापून टाकलेली कितीतरी कुलपं नुसती ताणाखाली असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि किल्लीचीही झडती घ्या. सपाट काचेवर ठेवून ती वाकलीय का पाहा. तिचे उंचवटे गोलसर झिजलेत का पाहा. अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात दशांश-दोन दशांश मिलिमीटर झीज म्हणजे बरीच झाली. घरात न वापरलेली दुसरी किल्ली असेल तर ती लावा. ती फिरली तर कुलपाला काहीच झालेलं नाही. किल्ल्या बनवून घेताना मूळ किल्ली द्यावी, नकलेवरून नक्कल काढू नये, ती यासाठी: प्रत्येक नकलेत यंत्राची थोडी चूक मिसळते आणि तिसऱ्या पिढीच्या किल्लीत ती बेरीज कुलपाला सोसेनाशी होते. जुन्या झिजक्या किल्लीबाबत एक युक्ती चालते. पूर्ण आत घातल्यावर ती अगदी अर्धा मिलिमीटर बाहेर घ्या आणि हलक्या हाताने फिरवून पाहा. किल्ली टेकते तो खांदा झिजलेला असेल तर ती गरजेपेक्षा आत जात असते, आणि एवढ्याने खाचा पिनांखाली येतात.

गंज एवढा घट्ट का धरतो

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. उघड्या पत्र्यावर तो पापुद्र्यासारखा फुगून सुटतो, म्हणून आपल्याला ते लक्षात येत नाही. दांडीचा पाय मात्र त्याच्या भोकात फार थोडी जागा ठेवून बसलेला असतो. तिथे गंजाला फुगायला वाव नसतो, मग तो दांडी आणि अंग यांच्यात पाचर मारल्यासारखा घट्ट होतो.

पितळी अंगाचं कुलूप गंजत नाही असं म्हणतात, ते अंगापुरतं खरं आहे. त्याची दांडी पोलादाची असते आणि आतल्या काही स्प्रिंगा, पट्ट्यासुद्धा. पितळ आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यात पोलाद जास्त लवकर झिजतं, आणि पाणी खारं असेल तर फारच लवकर. समुद्राजवळच्या पितळी कुलपाचं अंग नव्यासारखं आणि दांडी खाल्लेली, असं दृश्य दिसतं ते यामुळे. दांडीवर क्रोमचा मुलामा असतो, पण उघडझाप करताना तो नेमका भोकाच्या तोंडाशी घासून जातो, आणि दांडीवरून ओघळणारं पाणीही तिथेच साठतं. गंजाची सुरुवात तिथून होते.

एक कुलूप सोडवताना

समजा, साखळीला लावलेलं ५० मिलिमीटर रुंदीचं, पाच पिनांचं पितळी कुलूप आहे. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने ते उघडलेलंच नाही. किल्ली तीन-चतुर्थांश आत जाते आणि थांबते.

सुरुवात कोरडी करायची. जुन्या टूथब्रशने भोकाचं तोंड आणि दांडीची दोन्ही भोकं झाडा. कुलूप उलटंसुलटं करून हातावर आपटा, सुटी माती पडू द्या. हवेचा पंप किंवा हवेचा डबा असेल तर भोकात झोत मारा, चेहरा बाजूला ठेवून. या टप्प्यावर ओलं काही घालायचं नाही. कोरडी धूळ निघते, ओली धूळ गारा होते.

मग पातळ, आत झिरपणारा स्प्रे. गंज सोडवणारे म्हणून जे मिळतात ते सगळे यातलेच. बारीक नळी भोकात घालून एक सेकंदभर फवारा, एवढं पुरतं. हे द्रव तेलापेक्षा फार पातळ असतात आणि बारीक फटींत स्वतःहून ओढले जातात. त्यांना वेळ हवा असतो, जास्तीचं प्रमाण नको असतं. पाच मिनिटांनी किल्ली घाला, जाईल तेवढी, आणि बाहेर काढा. फिरवायची नाही. काढल्यावर पांढऱ्या कापडावर पुसा आणि डाग पाहा.

हा डाग वाचता आला की आतलं निम्मं चित्र दिसतं. काळा, तेलकट डाग म्हणजे जुनं वंगण आणि झिजलेल्या पितळेची भुकटी. घाबरायचं कारण नाही, साफसफाईने काम होईल. तांबूस-तपकिरी म्हणजे आत काहीतरी पोलादी गंजतंय, बहुधा स्प्रिंग. हिरवट म्हणजे पितळावर ओलाव्याचा थर चढलाय. बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर वाळू आहे, आणि वाळू संपेपर्यंत किल्ली फिरवायची घाई केली तर ती सिलिंडरवर ओरखडे काढते.

आपल्या कुलपात आधी काळा डाग येतो, सोबत थोडी कचकच. किल्ली आतबाहेर करा, प्रत्येक वेळी पुसा. आठ-दहा खेपांनंतर पुन्हा छोटासा फवारा, या वेळी शक्य असेल तर भोक खाली करून धरा, म्हणजे सुटलेली घाण बाहेर वाहील. हळूहळू डाग फिका होतो, किल्ली शेवटपर्यंत जाते आणि टकटक लागायला लागते. ती ऐकू आली की पिना जिवंत झाल्या.

आता फिरवून पाहा. किल्ली थोडी फिरते आणि थांबते. हे आपलं तिसरं लक्षण, म्हणजे दुसऱ्या यंत्रणेची पाळी. कुलूप सरळ लटकत ठेवा आणि दांडी जिथे अंगात शिरते त्या दोन्ही भोकांशी तीन-चार थेंब सोडा. इथे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं, थेंब दांडीच्या कडेने थेट पट्टीपर्यंत उतरतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने कुलपाच्या अंगावर चारी बाजूंनी हलके ठोके द्या. गंज मोडणं हे या ठोक्यांचं काम नाही. आखडलेली पट्टी आणि पिना थरथरल्या की त्यांच्याभोवती द्रव शिरतो, तेवढ्यासाठी ते द्यायचे. लोखंडी हातोडा घेतलात तर पितळी अंग चेपतं आणि भोकच अरुंद होतं.

साखळी सैल करून दांडी आत दाबा, सोडा, दाबा, सोडा. सुरुवातीला ती हलतच नाही. मग कधीतरी अगदी किंचित, कागदाच्या जाडीएवढी हलल्याचं बोटांना कळतं, आणि भोकाच्या कडेला तपकिरी पाणी फुटतं. ते दिसलं की काम होणार. दाबलेल्या अवस्थेत किल्ली फिरवा. आता ती पूर्ण फिरते, दांडी दोन मिलिमीटर वर येते आणि पुन्हा अडकते. इथे हिसका मारायचा मोह होतो. त्याऐवजी दांडी परत आत ढकला, आणखी दोन थेंब, पुन्हा वर. गंजाचं कडं दांडीवर असतं, आणि ते भोकाच्या तोंडातून बाहेर येताना अडतं. आतबाहेर केल्याने ते भरडलं जाऊन तेलाबरोबर बाहेर येतं. एवढं करूनही हललं नाही तर थेंब सोडून कुलूप रात्रभर तसंच ठेवा. झिरपणाऱ्या द्रवाचं काम सकाळपर्यंत आपल्यापेक्षा चांगलं होतं.

उघडल्यावर लगेच परत लटकवू नका. दांडीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, पण जिथे पट्टी बसते ती खाच घासू नका, तिचे कोन बदलले की कुलूप सैल धरतं. भोकात आणखी एकदा फवारून घाण धुऊन काढा आणि भोक खाली करून तासभर वाळू द्या. मग शेवटचं वंगण. त्यानंतर कुलूप हातातच, कुठेही न अडकवता, दहा-पंधरा वेळा लावून उघडा. अडकायचंच असेल तर ते फाटकावर अडकण्यापेक्षा हातात अडकलेलं बरं.

आत काय घालावं, काय घालू नये

सोडवणारं द्रव आणि टिकणारं वंगण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ इथे होतो. डब्ल्यूडी-४० चं उदाहरण घ्या. ते १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत तयार झालं, आणि त्याच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच पाणी हटवणारं असा आहे. आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा. पाणी हटवणं, घाण सैल करणं, गंज सोडवणं ही कामं ते छान करतं. पण त्यातला बराचसा भाग उडून जाणारा असतो आणि मागे तेलाचा अगदी पातळ थर उरतो. धुळीच्या जागी तोच थर धूळ धरून ठेवतो. म्हणून ते सोडवायला वापरा, त्याच्यावर वर्षभराची भिस्त ठेवू नका.

टिकण्यासाठी कोरडं वंगण बरं. टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारला की त्यातलं द्रव उडून जातं आणि घसरडा थर मागे राहतो. धूळ त्याला चिकटत नाही. बाहेरच्या कुलपासाठी माझी पसंती यालाच. ग्राफाइटची काळी पूड हा जुना आणि चांगला उपाय आहे, पण घरातल्या कोरड्या कुलपासाठी. ती घालायची ती चिमूटभर, आणि आधी घातलेलं तेल पूर्ण निघाल्यावरच. तेलात ग्राफाइट मिसळलं की त्याची काळी खळ होते आणि पिना त्यात रुततात. शिवाय ग्राफाइट वीजवाहक असल्याने ओलाव्यात ते धातूंची झीज वाढवायला हातभार लावतं. शिवणयंत्राचं पातळ तेल भोकात दोन थेंब चालेल, दांडीच्या पायांना आणि आतल्या पट्टीला तर ते चांगलंच. फक्त धुळीच्या जागी वरचेवर पुसावं लागेल.

ग्रीस पिनांच्या भोकात कधीच नको. त्या स्प्रिंगा इतक्या नाजूक असतात की ग्रीसमधून पिन पुढे ढकलायचं बळ त्यांच्यात नसतं. गाडीच्या इंजिनचं तेलही त्याच कारणाने नको. आणि स्वयंपाकघरातलं तेल तर अजिबात नको, मग ते हाताशी कितीही असो. खाण्याची बरीचशी तेलं हवेत हळूहळू घट्ट होतात, कढईच्या कडेला जमणाऱ्या पिवळ्या चिकट्यासारखी. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं, म्हणजे थंडीत कुलपात चक्क मेणच भरल्यासारखं होतं. त्या दिवशी कुलूप उघडतं, आणि काही महिन्यांनी पिना गोंदात बसलेल्या सापडतात. रॉकेलने असा जुना चिकटा निघतो हे खरं, पण त्याने वंगण होत नाही. धुवून झालं की वाळवून दुसरं काहीतरी घालावंच लागतं.

पट्ट्यांच्या कुलपाबद्दल थोडं. जाड, नळीसारख्या किल्लीचं आणि टोकाला चौकोनी दाता असलेलं जे जुन्या धाटणीचं कुलूप असतं, त्यात पिनांऐवजी पातळ पट्ट्यांची चळत असते. जाड तेल गेलं की त्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एकदम उचलल्या जातात आणि किल्ली अडते. तिथेही धुवून काढायचं आणि कोरडंच वंगण द्यायचं.

सुरक्षितपणाच्या गोष्टी

हे स्प्रे ज्वलनशील असतात, आणि डब्यातून त्यांना बाहेर ढकलणारा वायूही बहुधा पेट घेणारा असतो. स्प्रे मारून मग कुलपाखाली पेटती काडी किंवा गॅसची ज्योत धरणं म्हणजे आगीला आमंत्रण. स्प्रे न मारताही गरम करू नये. दांडीचं कडक पोलाद आणि स्प्रिंगा तापून मऊ पडतात. स्वस्त कुलपांचं अंग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, ते तर ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं. बर्फाने गोठलेल्या कुलपावर गरम पाणी ओतणंही फसवं आहे, कारण तेच पाणी आत जाऊन पुन्हा गोठतं.

नळीने फवारताना भोकासमोर डोळे आणू नका. आत जायला जागा नसली की झोत तसाच उलटा येतो. चष्मा लावा, खिडकी उघडी ठेवा. विजेच्या पेटीचं कुलूप असेल तर तिथे फवारायचं नाही, कापडाने किंवा काडीने एकेक थेंब लावायचा. लिंबू, व्हिनेगर किंवा शौचालय साफ करायचं आम्ल आत ओतायचा विचार काही जण करतात. गंज त्याने विरघळतो, पण पितळेतलं आणि मुलाम्यातलं जस्तही विरघळतं, आणि बंद कुलपाच्या आतून ते पूर्ण धुऊन काढणं जमत नाही. मागे राहिलेलं आम्ल नंतर नवा गंज काढतं.

किल्ली तुटलीच, तर आधी पाहा की सिलिंडर उभा, मूळ जागी आहे का. तो फिरलेला असेल तर तुकडा निघणार नाही; लहान चपट्या पेचकसाने सिलिंडर सावकाश जागेवर आणा. मग पातळ द्रवाचा एक थेंब टाकून, करवतीच्या बारीक पात्याचा तुकडा दाते बाहेरच्या बाजूला ठेवून किल्लीच्या खाचांच्या बाजूने आत सरकवा आणि ओढा. मागून दुसरी किल्ली घालून तुकडा ढकलायला जाऊ नका, तो आणखी आत जाऊन बसतो.

दोन दिवस थेंब सोडून, ठोके देऊन, ताण सैल करूनही किल्ली हलत नसेल तर चावीवाल्याकडे जा किंवा दांडी कापा. कापताना कडक पोलादाचा तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि आसपास कुणी उभं नको. कुलूप उघडलं पण धुतल्यावरही किल्लीला दर वेळी तपकिरी डाग येत राहिला, तर आतली स्प्रिंग कुजते आहे. असं कुलूप घरातल्या माळ्यावरच्या पेटीला लावायला ठीक, फाटकाला नवं आणा. घेताना तळाशी पाणी निथळायचं छोटं भोक आहे का, आणि किल्लीच्या तोंडावर सरकतं झाकण आहे का, एवढं पाहून घ्या. ते तळाचं भोक नंतर रंग मारताना किंवा ग्रीस लावताना बुजवू नका.